सरासरीत विरलेला पाऊस

ग्राफकास्ट या मॉडेलला अंदाज सांगायला लावताना त्याच्यापुढे वातावरणाची दोनच चित्रे ठेवली जातात. एक आत्ताचे आणि दुसरे सहा तासांपूर्वीचे. गुगल डीपमाइंडच्या या मॉडेलसाठी पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे २८ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेला असतो. प्रत्येक चौकोनाच्या वर ३७ थरांतले तापमान, वारा, बाष्प वगैरे आकडे असतात. त्यांवरून मॉडेल पुढच्या सहा तासांनंतरचे चित्र काढते आणि त्या सहा तासांत कुठे किती पाऊस पडेल तेही सांगते. मग हेच नवे चित्र पुन्हा त्याच्यापुढे ठेवतात. असे चाळीस वेळा केले की दहा दिवसांचा अंदाज तयार होतो, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही.

या सगळ्यात ढग कसा बनतो याचे एकही समीकरण नाही. मॉडेलच्या पोटात आहेत ते सुमारे ३ कोटी ६७ लाख आकडे. १९७९ ते २०१७ या काळातले हवामान त्याला पुन्हा पुन्हा दाखवले, अंदाज चुकला की हे आकडे किंचित हलवले, आणि चूक कमी होईपर्यंत हेच चालू ठेवले.

भौतिकशास्त्रावर चालणारी मॉडेले नेमके उलट करतात. त्यांच्यात हवेची हालचाल, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणे काही मिनिटांच्या टप्प्याने सोडवली जातात. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राच्या जागतिक मॉडेलमध्ये चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचा असतो. त्याहून लहान ढगांचा परिणाम अदमासाच्या सूत्रांनी धरावा लागतो. यासाठी महासंगणक लागतो आणि वेळही बराच जातो. तरीही वारा, हवेचा दाब, चक्रीवादळाचा मार्ग या बाबतीत शिकलेली मॉडेले आज या जुन्या पद्धतीच्या बरोबरीला आली आहेत, काही ठिकाणी पुढेही गेली आहेत. मुसळधार पावसाच्या बाबतीत मात्र ती मागे पडतात. त्याची कारणे शिकवणीतच सापडतात.

पहिले कारण शिक्षकाचे. ही मॉडेले बहुतेक ‘ईआरए-५’ या युरोपीय केंद्राच्या संग्रहावर शिकतात. जुन्या नोंदी आणि भौतिक मॉडेल यांची सांगड घालून पुन्हा रचलेला तो वातावरणाचा इतिहास आहे. त्यातले वारा आणि तापमान यांचे आकडे फुगे, विमाने, उपग्रह यांच्या मोजमापांनी सतत दुरुस्त केलेले असतात. पावसाचे तसे नाही. जगाच्या बहुतेक भागांत त्यातला पाऊस पर्जन्यमापकातला नसून भौतिक मॉडेलच्या काही तासांच्या अंदाजातला आहे. म्हणजे शिकाऊ मॉडेल खऱ्या पावसाकडून नव्हे, तर दुसऱ्या मॉडेलच्या पावसाकडून पाऊस शिकते आणि त्याचे दोषही सोबत उचलते. गुरूच्या वहीत नसलेली सर शिष्याच्या वहीत कुठून येणार?

दुसरे कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे आणि ते जास्त खोल आहे. शिकवताना चूक मोजतात ती वर्गाने: अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या चौकोनांची बेरीज घ्यायची. समजा, २०० मिलिमीटर पाऊस चार शेजारी चौकोनांपैकी कुठल्या तरी एकात पडणार आहे, पण नेमक्या कोणत्या हे हातात असलेल्या माहितीवरून ठरत नाही. मॉडेलने धीर करून एका चौकोनात २०० मिलिमीटर सांगितले, तर चारात एकदा ते अचूक ठरेल. उरलेल्या तीन वेळा त्याला दुहेरी दंड बसेल: जिथे सांगितला तिथे पडला नाही म्हणून ४०,००० आणि जिथे पडला तिथे सांगितला नव्हता म्हणून आणखी ४०,०००. सरासरी चूक ६०,००० होते. पाऊसच नाही असे सांगितले तर ती ४०,०००. आणि चारही चौकोनांत ५०-५० मिलिमीटर वाटून टाकले तर ३०,०००. सर्वांत कमी शिक्षा या गुळमुळीत उत्तराला आहे, म्हणून मॉडेल तेच शिकते. त्यात बिघाड काहीच नाही. जे मागितले तेच ते देते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला पाऊण शतकाच्या आसपास, म्हणजे ७४ मिलिमीटर. या दोन वेधशाळांत अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही २८ किलोमीटरच्या एकाच चौकोनात मावतात. अशा चौकोनाला एकच आकडा मिळत असल्यामुळे तो सांताक्रूझसाठी फारच थोडा आणि कुलाब्यासाठी भलताच जास्त ठरतो. शिकवणीतला धूसरपणा त्यात वेगळा मिळतो. अर्थात, त्या दिवशीच्या भौतिक मॉडेलांनीही असा आकडा आधी सांगितला नव्हता. फरक नंतरच्या अभ्यासात दिसला. चौकोन काही किलोमीटरांवर आणून तो दिवस संगणकात पुन्हा चालवला, तेव्हा मुंबईच्या परिसरात शेकडो मिलिमीटर पाऊस उभा राहू शकला, जागा थोडी सरकली तरी. इतक्या बारीक जाळ्यात ढगाचा वर चढणारा झोत समीकरणातूनच निर्माण होतो. किती पाऊस पडू शकेल हे तिथे बाष्पाच्या हिशेबाने ठरते, मागच्या वर्षांच्या सरासरीने नाही. शिकलेल्या जाळ्याला असा हिशेब बांधील नसतो. मोकळे सोडले तर ते काही चौकोनांत शून्याहून कमी पाऊसही सांगते, आणि तो नंतर छाटावा लागतो.

हा धूसरपणा ओळखायची एक साधी खूण आहे. पहिल्या दिवसाच्या आणि आठव्या दिवसाच्या अंदाजातला सर्वांत मोठा आकडा शेजारी ठेवून पाहायचा. वर्गाच्या चुकीवर शिकलेल्या मॉडेलमध्ये दिवसागणिक हा आकडा खाली येतो आणि हलक्या पावसाचा पट्टा पसरत जातो. भौतिक मॉडेल आठव्या दिवशीही तितकीच जोरदार सर दाखवते, बहुधा चुकीच्या तालुक्यात. पण अशी सर शक्य आहे हे त्यावरून कळते, आणि धरणातून पाणी कधी सोडायचे हे ठरवणाऱ्याला तेवढेही उपयोगाचे असते.

धूसरपणावर एक उतारा निघाला आहे. डीपमाइंडच्याच जेनकास्ट या २०२४ मधल्या मॉडेलला एकच सरासरी उत्तर विचारत नाहीत. त्याच्याकडून पन्नास किंवा त्याहून अधिक वेगवेगळी, प्रत्येकी ठळक चित्रे काढून घेतात. चारपैकी एका चौकोनात २०० मिलिमीटर, पण कोणत्या ते ठाऊक नाही, हे अशा संचातून प्रामाणिकपणे मांडता येते. पावसाच्या शिक्षकाची अडचण त्याने सुटत नाही.

कधी न पाहिलेल्या तीव्रतेची अडचणही तशीच राहते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फोरकास्टनेट या मॉडेलच्या शिकवणीतून तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सगळी चक्रीवादळे काढून टाकली. मग त्याच्यापुढे पाचव्या श्रेणीचे वादळ ठेवले. येणारे वादळ त्याने ओळखले, पण त्याची ताकद दर वेळी कमीच सांगितली. एखाद्या महासागरातली प्रबळ वादळे शिकवणीत ठेवली, तर दुसऱ्या महासागरातली त्याला काही प्रमाणात ओळखता आली. म्हणजे हे ज्ञान एका समुद्रातून दुसऱ्यात नेता येते, पण दुबळ्या वादळावरून प्रबळ वादळाचा अंदाज बांधता येत नाही. ९४४ मिलिमीटरसारखा आकडा नेमका या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

शिवाय सुरुवातीची दोन चित्रेही या मॉडेलांना स्वतः काढता येत नाहीत. जगभरची मोजमापे गोळा करून त्यांचा मेळ घालण्याचे काम आजही मुख्यतः भौतिक मॉडेलच करते.

म्हणून या मॉडेलांना कोणता प्रश्न विचारायचा, याला महत्त्व आहे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाचा अंदाज पाठवला. तो गुगलचे न्यूरलजीसीएम आणि युरोपीय केंद्राचे एआयएफएस यांच्या आधारे तयार केला होता. न्यूरलजीसीएम मिश्र जातीचे आहे: मोठ्या प्रवाहांसाठी समीकरणे आणि ढगासारख्या बारीक गोष्टींसाठी शिकलेले जाळे. त्या संदेशात कोणत्या गावात किती मिलिमीटर पडेल हे नव्हते. सलग पाऊस कोणत्या आठवड्यात सुरू होण्याची शक्यता आहे, एवढेच होते. हजारो किलोमीटरच्या वाऱ्यांवर ठरणाऱ्या अशा प्रश्नात चौकोनातली सरासरी आड येत नाही. मिलिमीटरचा आकडा हवा असेल तेव्हा भारतात बारीक जाळ्याकडे वळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ च्या मे महिन्यात कामाला लागली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आणि सांताक्रूझ व कुलाबा तिच्यात वेगवेगळ्या चौकोनांत पडतात.