अहवालात उपकंपन्यांची यादी कुठे सापडते?

सातारा आणि सांगली भागातील आपले बरेच व्यापारी कारखान्यांना उधारीवर माल देतात. कोणी गणवेशाचे कापड देतो, कोणी पॅकिंगचे सामान, कोणी कापडी हातमोजे. ऑर्डरच्या कागदावर मोठ्या घराण्याचे नाव दिसले की आपण निर्धास्त होतो. मीही एकदा तसाच झालो होतो. ज्या नावाच्या भरवशावर ड्रिलचे तागे दिले, त्या नावाच्या मोठ्या कंपनीचा त्या फर्मशी काडीचा संबंध नव्हता. रक्कम दोन वर्षे अडकली. तेव्हापासून माल देण्याआधी मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढून त्यातली उपकंपन्यांची यादी पाहतो.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेत वसवली. पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी १९२० मध्ये नोंदली गेली. तिचा अहवाल तिच्या वेबसाइटवर आणि शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतो.

अहवाल शेकडो पानांचा असतो, तो सगळा वाचायची गरज नाही. त्यात हिशेब दोनदा छापलेले असतात. पहिले एकट्या कंपनीचे आणि नंतरचे सर्व उपकंपन्या धरून केलेले एकत्रित हिशेब. पुष्कळ लोक पहिल्याच हिशेबात शोधत बसतात आणि दमतात. एकत्रित हिशेबाच्या टिपांमध्ये जा. तिथे एका तक्त्यात उपकंपनीचे नाव, तिचा देश आणि मूळ कंपनीचा हिस्सा किती टक्के, हे दिलेले असते. संगणकावर फाइल उघडली असेल तर शोधायच्या चौकटीत AOC-1 असे टाइप करावे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९ प्रमाणे हा नमुना अहवालाला जोडावा लागतो. यातला भाग अ उपकंपन्यांचा असून त्यात प्रत्येकीचे भांडवल, देणी, उलाढाल, नफा-तोटा आणि हिशेबाचे चलन मिळते. एखादी उपकंपनी वर्षात विकली किंवा बंद केली असेल, तर तेही शेवटी लिहावे लागते.

आता यादी वाचताना खरी गंमत कळते. तिच्यात कराड प्रोजेक्ट्स अँड मोटर्स लिमिटेड आहे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातली कंपनी. नावात किर्लोस्कर नाही, पण ती उपकंपनी आहे. मागील अहवालांत कोल्हापूर स्टीलचेही तसेच दिसते. उलट किर्लोस्कर ऑइल इंजिन्स किंवा किर्लोस्कर न्यूमॅटिक यांच्या नावात किर्लोस्कर आहे, तरी त्या या यादीत सापडणार नाहीत. त्या वेगळ्या कंपन्या आहेत. किर्लोस्कर एबारा पंप्सचा कारखाना तर किर्लोस्करवाडीतच आहे, पण जपानच्या एबारा कंपनीबरोबरची ती भागीदारी असल्याने ती भाग ब मध्ये, संयुक्त उपक्रमांत येते. मागील अहवालांत तिच्यातला हिस्सा ४५ टक्के दिसतो. कायद्याने उपकंपनी व्हायला निम्म्याहून जास्त मतांचा हक्क किंवा संचालक मंडळावर ताबा लागतो.

देशाचा रकाना जरा जपून वाचावा. कंपनी जिथे नोंदली तो देश आणि जिथे काम चालते तो देश एकच असेल असे नाही. किर्लोस्कर ब्रदर्स इंटरनॅशनल बी. व्ही. ही नेदरलँड्समध्ये नोंदलेली आहे, पण तिचे मुख्य काम इतर परदेशी कंपन्यांचे शेअर्स धरणे. २००३ मध्ये घेतलेली इंग्लंडची एसपीपी पंप्स तिच्याखाली येते आणि एसपीपीच्याही पुन्हा स्वतःच्या उपकंपन्या आहेत. म्हणजे मुलीची मुलगी. तेव्हा नेदरलँड्स हे नाव पाहून तिथे पंप ओतले जातात असे लगेच धरू नये. त्याच देशातली रोडेल्टा मात्र खरोखर पंप बनवते. दोघींतला फरक देशाच्या नावावरून कळत नाही. भाग अ मधील उलाढाल पाहावी. नुसते शेअर्स धरणाऱ्या कंपनीची विक्री सहसा नसते किंवा नाममात्र असते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादी ३१ मार्चची असते आणि अहवाल काही महिन्यांनी हाती येतो. मधल्या काळातला फेरबदल त्यात नसेल. दुसरी गोष्ट उधारीवाल्यांसाठी फार महत्त्वाची आहे. यादीत नाव सापडले तरी उपकंपनीचे देणे मूळ कंपनी आपोआप फेडत नाही, कारण कायद्याने दोघी वेगळ्या. मूळ कंपनीने हमी दिली असेल तरच ती बांधील, आणि अशा हम्या बहुधा बँकांच्या कर्जासाठी असतात, आपल्या बिलासाठी नव्हे. त्या ‘संभाव्य देणी’ या टिपेत दिसतात. म्हणून मी बिल बनवताना ऑर्डरवरचे पूर्ण नाव, अगदी ‘प्रायव्हेट’ शब्दासकट, यादीतल्या नावाशी ताडून पाहतो आणि उधारीची मर्यादा त्या उपकंपनीच्याच आकड्यांवर ठरवतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला उपकंपन्यांचे स्वतंत्र हिशेबही आपल्या वेबसाइटवर ठेवावे लागतात, ते तिथेच मिळतात.