मोटर उलटी फिरते त्या क्षणी

गाडीच्या काचेचं बटण वर ओढलं की काच वर जाते, खाली दाबलं की खाली येते. मोटर एकच असते आणि तिला वायरीही दोनच. डीसी मोटरच्या त्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. हाताने करायचं तर दोन टोकं सोडवून पुन्हा जोडायची. तेच काम आपोआप व्हावं म्हणून चार स्विच वापरतात. दोन डावीकडे एकाखाली एक, दोन उजवीकडे तसेच, आणि मधल्या आडव्या रेघेत मोटर. कागदावर काढलं तर इंग्रजी एच दिसतो, म्हणून या मांडणीला एच-ब्रिज म्हणतात. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा स्विच लावला की मोटर सुलटी. दुसरी तिरपी जोडी लावली की उलटी.

हा ब्रिज एकाच चिपमध्ये तयार मिळतो. मुलांच्या रोबोंमध्ये हमखास दिसणारी एल२९८ ही त्यातलीच. पण ती जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांची आहे आणि २ अँपिअरला तिच्यातच जास्तीत जास्त ४.९ व्होल्ट खर्ची पडू शकतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतले जवळपास पाच व्होल्ट नुसती चिप तापवण्यात घालवणं मला पटत नाही. चार सुटे मॉस्फेट आणून ब्रिज बांधला तर हे नुकसान जवळजवळ संपतं. मात्र चिप बनवणाऱ्याने जी काळजी आत घेतलेली असते, ती आता आपल्याला घ्यावी लागते.

उदाहरणाला १२ व्होल्टची गिअरवाली मोटर घेऊ. तिच्या वाइंडिंगचा रोध २ ओहम आहे आणि नेहमीच्या भाराला ती २ अँपिअर घेते. वरच्या दोन जागी आयआरएफ९५४०एन हे पी-चॅनेल मॉस्फेट, खालच्या दोन जागी आयआरएलझेड४४एन हे एन-चॅनेल. खालच्यांसाठी ‘एल’वालाच घ्यायचा, कारण तो अर्दुइनोच्या ५ व्होल्टवर पूर्ण उघडतो. त्याचा भाऊ आयआरएफझेड४४एन स्वस्तात आणि सगळीकडे मिळतो, पण ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडा राहून तापण्याचीच शक्यता जास्त.

मोटर एका दिशेने निवांत फिरत असेल तेव्हा ब्रिजला फारसा त्रास नसतो. खरी परीक्षा दिशा बदलताना होते, म्हणून तोच एक क्षण संथ करून पाहू.

पहिली भीती शॉर्टची. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच क्षणभर जरी एकत्र चालू राहिले, तरी करंट मोटरकडे न जाता बॅटरीच्या प्लसमधून थेट मायनसमध्ये जातो. याला शूट-थ्रू म्हणतात. वरच्या मॉस्फेटचा रोध ०.११७ ओहम, खालच्याचा ०.०२५, बॅटरी आणि वायरींचे मिळून ०.०५ धरले, तर १२ व्होल्टला हा करंट ६० अँपिअरच्या पुढे जातो. एकट्या वरच्या मॉस्फेटमध्ये तेव्हा ४०० वॅटहून जास्त उष्णता निर्माण होत असते. दोनचार मायक्रोसेकंद तो हे सोसतो, पण दर सेकंदाला शेकडो वेळा सोसावं लागलं तर हळूहळू भाजून निघतो.

‘एक चालू तर दुसरा बंद’ हे इतकं सरळ दिसतं की नवशिके वरच्या आणि खालच्या मॉस्फेटचे गेट एकत्र जोडून मोकळे होतात. गेट १२ व्होल्टवर असेल तर खालचा चालू, शून्यावर असेल तर वरचा. अडचण मधल्या प्रवासात आहे. खालचा मॉस्फेट गेटवर २ व्होल्ट येईपर्यंत उघडायला लागलेला असतो. वरचा बंद व्हायला गेट निदान ८ व्होल्टच्या वर, कधी १० पर्यंत जावं लागतं. म्हणजे २ ते ८ व्होल्टच्या संपूर्ण पट्ट्यात दोघेही उघडे. गेट जितकं सावकाश चढेल तितका हा शॉर्ट लांबतो.

म्हणून चारही गेट वेगळे ठेवायचे. वरच्या मॉस्फेटचं गेट एका रेझिस्टरने १२ व्होल्टला बांधलेलं असतं आणि बीसी५४७ सारखा छोटा ट्रान्झिस्टर ते खाली ओढतो. ट्रान्झिस्टरने सोडलं की रेझिस्टर गेटला वर नेतो आणि मॉस्फेट बंद होतो. इथे बहुतेक जण सवयीने १० किलोओहमचा रेझिस्टर लावतात आणि तिथेच फसतात. या मॉस्फेटच्या गेटमधला विद्युतभार ९७ नॅनोकुलोंबपर्यंत असू शकतो. १० किलोओहममधून जेमतेम अर्धा ते एक मिलिअँपिअर वाहतो, त्यामुळे तो भार उपसायला १०० ते २०० मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या प्रोग्रॅमने मॉस्फेट ‘बंद’ केला, पण तो अजून चालूच आहे. रेझिस्टर १ किलोओहमचा केला की हाच वेळ १० ते २० मायक्रोसेकंदांवर येतो.

उरलेली खबरदारी प्रोग्रॅममध्ये घ्यायची. आधी सगळे बंद, मग थोडी उसंत, मग दुसरी जोडी चालू. या उसंतीला डेड टाइम म्हणतात.

```
digitalWrite(LP, LOW);
digitalWrite(RN, LOW);
delayMicroseconds(100);
digitalWrite(RP, HIGH);
digitalWrite(LN, HIGH);
```

इथे `LP` आणि `RP` म्हणजे डावा-उजवा वरचा मॉस्फेट, `LN` आणि `RN` खालचे. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी, अर्दुइनो रिसेट होत असताना, त्याच्या पिना अधांतरी असतात. त्या काळात मॉस्फेटने स्वतःच्या मनाने उघडू नये म्हणून खालच्या दोन्ही गेटना आणि दोन्ही बीसी५४७ च्या बेसला जमिनीशी जोडणारा एकेक १० किलोओहमचा रेझिस्टर हवा. इथे तो योग्य आहे, कारण चालू-बंद करण्याचं काम पिन करते.

आता त्या १०० मायक्रोसेकंदांत मोटरचं काय होतं ते पाहू. चारही स्विच बंद आहेत, पण वाइंडिंगमधून २ अँपिअर वाहत होते आणि कॉइल आपला करंट एकदम थांबू देत नाही. भरधाव वाहणारा नळ झटक्यात बंद केला की पाइप दणका देतो, तसंच इथे व्होल्टेजचं होतं. वाइंडिंगचं इंडक्टन्स १ मिलिहेन्री असेल आणि २ अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडायचा प्रयत्न झाला, तर हिशोबाने २००० व्होल्ट येतात. प्रत्यक्षात तितके कधी चढत नाहीत, कारण ५५ व्होल्ट सोसणारा मॉस्फेट त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो.

या करंटला वाट देण्याचं काम डायोड करतात. प्रत्येक स्विचला उलटा एक डायोड लागतो, आणि मॉस्फेटमध्ये तो जन्मजात असतो. मोटर सुलटी फिरत असताना करंट डाव्या वरच्यातून मोटरमध्ये आणि उजव्या खालच्यातून जमिनीत जात होता. सगळे बंद होताच तो डाव्या खालच्या डायोडमधून वर येतो, मोटरमधून त्याच दिशेने जातो आणि उजव्या वरच्या डायोडमधून बॅटरीत परत शिरतो. व्होल्टेज तेराच्या आसपास अडतं. बॅटरीचे १२, फिरत्या मोटरचे ८ आणि दोन डायोडांचे दीडेक व्होल्ट मिळून त्या करंटला विरोध करतात, त्यामुळे २ अँपिअर ८५ मायक्रोसेकंदांच्या आसपास विझतात. डेड टाइम १०० ठेवला तो एवढ्याचसाठी.

परत येणारा करंट घेणारं कुणीतरी हवं. बॅटरी तो घेते, पण मोबाइलच्या चार्जरसारखा अ‍ॅडॉप्टर घेत नाही. बॅटरीची वायर लांब असेल तर तिचंही स्वतःचं इंडक्टन्स असतं. म्हणून ब्रिजच्या अगदी शेजारी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात.

फिरत्या मोटरचे ते ८ व्होल्ट कुठून आले? २ अँपिअर आणि २ ओहम म्हणजे वाइंडिंगवर ४ व्होल्ट. उरलेले ८ व्होल्ट मोटर फिरता फिरता जनरेटरसारखे स्वतः निर्माण करते आणि ते बॅटरीच्या विरुद्ध असतात. मोटर थांबलेली असेल तर हा विरोध नसतो, म्हणून चालू होताना किंवा अडकल्यावर ती ६ अँपिअर ओढते. पण पूर्ण वेगात असताना एकदम उलटी केली, तर तेच ८ व्होल्ट बॅटरीच्या बाजूने येतात. २० व्होल्ट भागिले २ ओहम, म्हणजे १० अँपिअर. गिअरचे दातही तेव्हा कुरकुरतात. खालचे दोन्ही मॉस्फेट चालू करून मोटरची दोन्ही टोकं एकत्र केली की ती ४ अँपिअरचा ब्रेक लावून थांबते. अर्धा सेकंद हा ब्रेक द्यावा, मग दिशा बदलावी. अर्थात पुन्हा वरचा मॉस्फेट लावण्याआधी त्याच बाजूचा खालचा बंद करून डेड टाइम पाळायचाच.

आता उष्णता. ती काढायला करंटचा वर्ग करून रोधाने गुणायचं. २ अँपिअरला वरच्या मॉस्फेटमध्ये ०.४७ वॅट, खालच्यात ०.१ वॅट. हीटसिंक नसलेला या आकाराचा मॉस्फेट दर वॅटला ६२ अंशांनी तापतो. म्हणजे वरचा हवेपेक्षा २९ अंशांनी गरम, खालचा ६ अंशांनी. हात लावता येईल इतपतच. मोटर अडकली की चित्र पालटतं. ६ अँपिअरला वरचा ४.२ वॅट तयार करतो आणि ६२ ने गुणलं की २६० अंश येतात. मॉस्फेटची आतली मर्यादा १७५ अंश आहे, आणि तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून आणखी तापतो. तेव्हा हीटसिंकचा आकार अडकलेल्या मोटरवरून ठरवावा. वरच्या दोघांचे पत्रे मोटरच्या वेगवेगळ्या टोकांना जोडलेले असल्याने ते एकाच हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड घालावा लागतो. नाहीतर मोटरची दोन्ही टोकं हीटसिंकमधूनच शॉर्ट होतात.

ब्रिज तयार झाला की पहिल्यांदा मोटर न लावता चालवावा. जुन्या इलेक्ट्रिशियनचा सिरीज लॅम्प इथेही कामाला येतो. बॅटरीच्या वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घालायचा, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्यापुरता काढायचा आणि प्रोग्रॅमने दिशा सेकंदाला शेकडो वेळा बदलायची. बल्ब लाल झाला तर शूट-थ्रू आहे. कपॅसिटर तसाच राहिला तर शॉर्टचा मोठा वाटा तोच पुरवतो आणि बल्ब तितकं सांगत नाही. अगदी बारीक शॉर्ट मात्र बल्बलाही दिसत नाही. त्यासाठी जमिनीच्या वायरीत ०.१ ओहमचा रेझिस्टर घालून ऑसिलोस्कोपवर टोकं पाहावी लागतात.

बिनमोटरचा ब्रिज तापला तर संशय शूट-थ्रूवर. मोटर लावल्यावर चालू असलेला मॉस्फेट नेमापेक्षा जास्त तापला, तर त्याच्या गेटला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. वेग कमी करण्यासाठी खालचा मॉस्फेट भराभर चालू-बंद करत असाल आणि त्याच बाजूचा वरचा, जो बंद आहे, तोच गरम लागला, तर गोंधळू नका. दर बंद वेळेत मोटरचा करंट त्याच्या डायोडमधून फिरतो आणि २ अँपिअरला त्यात दीड वॅटच्या आसपास जातो.

मेलेला मॉस्फेट बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो. मल्टीमीटर बीपवर ठेवून ड्रेन आणि सोर्सला लावला की दोन्ही दिशांनी वाजतो. तो बदलून लगेच बॅटरी जोडू नये, कारण त्याच बाजूचा जोडीदार आणि गेट हलवणारा बीसी५४७ सहसा त्याच्याबरोबर गेलेले असतात. फ्यूजवर विसंबून चालत नाही. ६० अँपिअरला फ्यूज वितळायला जे मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात सिलिकॉनचा निकाल लागलेला असतो. तरीही १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसशेजारी लावावाच, तो वायर पेटू नये म्हणून.