नोटिशीत निकाल नको

“कुठे तोंड काळं केलंस? आठवडा झाला, फोन बंद! तुझ्यामुळे पार्टीचा माल अडकलाय. तुझं हे नेहमीचंच. गावी पिऊन पडला असशील. उद्यापासून येऊ नकोस, आणि पगारही विसर.”

दहा-बारा माणसांच्या लेथ वर्कशॉपचा मालक न सांगता गैरहजर राहिलेल्या टर्नरला असा मेसेज पाठवतो, तेव्हा त्याचा राग समजण्यासारखा असतो. पण प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, तर हाच मेसेज मालकाच्या अंगाशी येतो. ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणजे कोणतीही चौकशी न करता कामावरून काढलं, असं कामगार म्हणू शकतो आणि त्याचा लेखी पुरावा त्याच्या फोनमध्येच असतो.

म्हणून या मेसेजची कारणे दाखवा नोटीस करताना भाषा सभ्य करणं पुरेसं नाही. प्रत्येक वाक्य तपासून पाहावं लागतं: ही घडलेली गोष्ट आहे, अंदाज आहे, की निकाल?

‘आठवडा झाला’ ही घडलेली गोष्ट आहे, पण मोघम आहे. हजेरीपुस्तक उघडून तारखा घालाव्यात आणि साप्ताहिक सुटी वगळावी. ‘फोन बंद’ हेही घडलेलं आहे. कोणत्या दिवशी फोन केले ते लिहावं. माल अडकला असेल, तर कोणतं काम थांबलं ते एका वाक्यात सांगावं. ‘नेहमीचंच’ हा आरोप आहे. आधीच्या गैरहजेरीची लेखी नोंद असेल तर तारखांसह घ्यावा, नसेल तर सोडून द्यावा. ‘पिऊन पडला असशील’ हा निव्वळ अंदाज आहे, तो काढून टाकावा. शेवटचं वाक्य म्हणजे थेट निकाल. गैरहजर दिवसांचा पगार कापता येतो, पण आधी केलेल्या कामाचा पगार अडवून ठेवता येत नाही.

एवढी गाळणी झाली की मजकूर असा उरतो:

“विषय : विनापरवानगी गैरहजेरीबाबत कारणे दाखवा नोटीस.

आपण आमच्याकडे टर्नर या पदावर काम करता. सोमवार, दि. ३ मार्च २०२५ ते शनिवार, दि. ८ मार्च २०२५ असे सहा कामाचे दिवस आपण रजेचा अर्ज न देता व पूर्वसूचना न देता गैरहजर आहात. दि. ४ व ६ मार्च रोजी आपल्याला फोन केले असता संपर्क झाला नाही. आपल्या गैरहजेरीमुळे शाफ्टचे काम अपूर्ण राहिले आहे.

या गैरहजेरीबद्दल आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावा. आजारपण किंवा अन्य अडचण असल्यास उपलब्ध कागदपत्रे जोडावीत. आपण त्वरित कामावर हजर व्हावे. मुदतीत खुलासा न आल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.”

वर लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, कामगाराचं नाव आणि पत्ता, खाली सही-शिक्का. एवढंच.

यात कुठेही ‘आपण दोषी आहात’ असं म्हटलेलं नाही. कारणे दाखवा नोटीस देणाऱ्याने आधीच मन बनवलेलं दिसता कामा नये, नाहीतर खुलासा मागणं हा केवळ उपचार ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ओरिक्स फिशरीज प्रकरणात स्पष्ट केलं. त्याआधी १९९३ साली डी. के. यादव प्रकरणात, आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते असा कंपनीचा नियम असूनही, बाजू मांडण्याची संधी न देता कामगाराला काढणं न्यायालयाने अन्यायकारक ठरवलं होतं.

नोटीस कामगाराला समजणाऱ्या भाषेत असावी. ती सध्याच्या आणि गावाकडच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावी. व्हॉट्सॲपवर फोटोही टाकावा. पाकीट परत आलं तर न फोडता फाइलला लावावं. त्या पाकिटावरचा टपालखात्याचा शेरा म्हणजे नोटीस पाठवल्याचा पुरावा.

पाचव्या दिवशी टर्नर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आला, तर ते खरं आहे का पाहून रजा मंजूर करावी किंवा ते दिवस बिनपगारी धरावेत, आणि तसं लेखी कळवून विषय मिटवावा. खुलासा आलाच नाही, तर दुसरी नोटीस आणि मग रीतसर चौकशी. गैरहजेरी सिद्ध झाली तरी ती जाणूनबुजून होती का, हा प्रश्न उरतोच. २०१२ साली कृष्णकांत परमार या सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं. त्या प्रश्नाचं उत्तर कामगाराकडेच असतं, आणि ते मागून घेण्यासाठीच ही नोटीस लिहायची असते.