सत्तर खुणांत मावणारा नंदी

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि लहान मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. समजा, मूल शहरातल्या एखाद्या दुकानाला आपल्या सागवानी नंदीची जाहिरात करायची आहे: एसएमएसने, ई-मेलने, वेबसाइटवरच्या पट्टीवर आणि दुकानाबाहेरच्या पोस्टरवर. बहुतेक जण आधी ऐसपैस मजकूर लिहितात आणि मग त्याला कात्री लावतात. माझ्या मते सुरुवात एसएमएसपासून करावी, कारण सगळ्यात कमी जागा तिथं असते.

रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. मजकुरात एकही देवनागरी अक्षर आलं की ही मर्यादा 70 वर येते. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘तान्ह्या’ या एका शब्दालाच आठ खुणा लागतात. ‘आपल्या लाडक्या ग्राहकांना तान्ह्या पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यात 62 खुणा संपतात आणि नंदीचा पत्ताच नाही! सत्तरच्या पुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे.

त्यापेक्षा हे बघा: ‘तान्ह्या पोळ्यासाठी सागवानी नंदी आले. पोरांना घेऊन या.’ हा मजकूर 54 खुणांचा आहे. दुकानाच्या नावाला सोळा उरतात. ट्रायच्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएसचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. नंतर शब्द बदलला तर संदेश अडतो. म्हणून हाच मजकूर आधी पक्का करावा.

आता बाकीचं सोपं. वेब पट्टीवर ‘सागवानी नंदी आले’ आणि बटणावर ‘नंदी बघा’. ई-मेलच्या विषयाच्या ओळीत एसएमएसमधलं पहिलं वाक्य जसंच्या तसं. आत उंची, किंमत, चाकं आहेत की नाहीत, दुकानाची वेळ. इथंच सूर बिघडतो. एसएमएसमधली ‘पोरं’ ई-मेलमध्ये ‘आपले पाल्य’ होतात, ‘आले’चं ‘उपलब्ध आहेत’ होतं आणि दुकानदाराच्या जागी कचेरीतला बाबू बोलू लागतो. तपशील वाढवा, पण बोली तीच ठेवा.

पोस्टरवर एसएमएसमधली दोनच वाक्यं पुरेत. दहा फुटांवरून सहज वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्त्यापलीकडून, म्हणजे तीस फुटांवरून, तीन इंच. ही उंची मूळ अक्षराची. वेलांटी-उकाराला जागा वेगळी सोडा. फ्लेक्सवाल्याकडे अनेकदा जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. त्याच्या फाइलमधला मजकूर उचलून ई-मेलमध्ये टाकला की निव्वळ गिचमिड उमटते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून तोच त्याला द्या आणि छपाईआधी ‘तान्ह्या’, ‘पोळ्यासाठी’ यांतली जोडाक्षरं स्वतः तपासा.

किंमत मात्र एसएमएस आणि पोस्टरवर टाकू नका. ती बदलली तर वेबसाइटवर दुरुस्त करता येते आणि ई-मेल नव्यानं पाठवता येतो. गेलेला एसएमएस परत येत नाही.