मुदत संपली म्हणजे फाइल नष्ट झाली?

सरकारी कार्यालयातला जुना कागद मागायला गेलं की “मुदत संपली, आता नसेल” असं उत्तर मिळतं. मुदत असते हे खरं, पण मुदत संपली म्हणून कागद आपोआप नष्ट होत नाही.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत निकाली फायलींना वर्ग लावतात. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5 आणि ‘ड’ 1 वर्ष. कोणत्या कागदाला कोणता वर्ग, हे प्रत्येक खात्याच्या अनुसूचीत असतं. फाइल बंद करताना लिपिक वर्ग सुचवतो आणि अधिकारी तो मंजूर करतो. मग पृष्ठांकन करून, सूची लावून ती अभिलेख कक्षात जाते.

मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून मोजतात, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. मोजणी फाइल बंद झाल्यापासून होते. समजा, शाळेच्या छताच्या दुरुस्तीचा प्रस्ताव जून 2014 मध्ये आला, शेवटचं देयक नोव्हेंबर 2016 मध्ये निघालं. 2018 च्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तो जुलै 2019 मध्ये मिटला आणि तेव्हा फाइल बंद झाली. ‘क-1’ वर्ग असेल तर पाच वर्षं जुलै 2024 ला पुरी होतात. 2014 पासून मोजणारा माणूस आक्षेप चालू असतानाच, 2019 च्या जूनमध्ये, पुरावा रद्दीत टाकून बसेल. न्यायालयीन प्रकरण किंवा चौकशी चालू असेल, तरी कागदाला हात लावायचा नसतो.

मुदत भरली की निंदणीकरण, म्हणजे निवड. अभिलेखपाल यादी करतो, संबंधित शाखा एकेक फाइल तपासते, गरज असलेली राखून ठेवते आणि सक्षम अधिकारी लेखी मंजुरी देतो. ही शाखेची तपासणी घाईत उरकली जाते, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं. मंजुरीनंतर कागद ओळखता येणार नाही असे फाडायचे किंवा जाळायचे. अख्खे गठ्ठे रद्दीवाल्याला देणं म्हणजे लोकांचे पत्ते आणि खातेक्रमांक बाजारात सोडणं.

स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत फेकता येते, हाही भ्रम. घाईच्या स्कॅनिंगमध्ये टिपणीच्या मागच्या बाजूचा शेरा हमखास सुटतो, आणि निर्णय कधीकधी त्याच शेऱ्यात असतो.

केंद्रीय कार्यालयांना लागू असलेल्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात नियमबाह्य नाशाला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. 1892 पूर्वीचा कागद तर अगदी निकामी झाल्याशिवाय नष्ट करताच येत नाही. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा 2005 मध्ये केला.

म्हणून “नष्ट केली” असं तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: फाइलचा वर्ग, नाशाची मंजूर यादी आणि नाशाच्या दिवसाची नोंदवहीतली नोंद. यांपैकी काहीच दाखवता आलं नाही, तर फाइल नष्ट केलेली नसून गहाळ आहे, असं धरून लेखी तक्रार करा.