तीनचाकीची ओळख खाली सरकली

पंधरा वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेच्या फोटोत तीनचाकी ओळखायला नुसता सांगाडा पुरायचा. वर हूड, मागे बाक असला की प्रवासी रिक्षा. केबिनमागे हौदा असला की मालाची गाडी. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पुष्कळशा डिझेल रिक्षा पिआजिओच्या बारामतीच्या कारखान्यातून आलेल्या आपे, त्यामुळे तो गोल नाकाचा पत्रा डोळ्यांत बसलेला.

मग दिल्लीच्या गल्ल्यांत ई-रिक्षा दिसू लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांच्यासाठी केंद्राचे नियम झाले आणि वेगाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आली. ही गाडी ओळखणं तेव्हाही सोपं होतं, आजही आहे. तिची मोटर कमी ताकदीची आणि शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या जड, म्हणून बाकीचा भार कमीत कमी: पाइपांचा सांगाडा, त्यावर सपाट छत, मोटरसायकलसारखी बारीक चाकं. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या बाकाखाली बसवलेल्या असतात आणि मोटर मागच्या आसाच्या मधोमध, थेट डिफरन्शियलला जोडलेली. मागून, खालून काढलेल्या फोटोत तो गोल डबा आणि त्यातून निघालेल्या जाड वायरी स्पष्ट दिसतात.

खरी अडचण सुरू झाली ती २०१९ च्या सुमारास. डिझेलच्या आपेचंच अंग घेऊन तिची विजेवरची बहीण आली, पुढे मालाची गाडीही तशीच निघाली. आता नाकावरून काही सांगता येईना.

समजा, फोटोत हौद्यावर कांद्याची पोती आहेत आणि नंबर प्लेट दोरानं झाकली आहे. प्लेट दिसली असती तर काम संपलं असतं, कारण विजेच्या गाडीची प्लेट २०१८ पासून हिरवी आणि व्यावसायिक असली तर तिच्यावरची अक्षरं पिवळी. ती दिसत नाही, तर हौद्याखाली बघायचं. डिझेल असेल तर मागच्या चाकांजवळ तेलानं काळवंडलेलं इंजिन आणि सायलेन्सरची नळी दिसते. विजेची असेल तर चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये बंद, चौकोनी बॅटरीची पेटी असते. तिच्यामागे मोटर आणि गिअरचं आटोपशीर घर, आणि धुराची नळी कुठेच नसते. मात्र नुसती नळी दिसत नाही म्हणून गाडी विजेची ठरवू नये. मडगार्ड, चिखल किंवा सावली तिला सहज झाकते. पेटी दिसली तरच विजेची अशी नोंद करावी, असं माझं ठाम मत आहे.

उलट, नळी दिसली म्हणून गाडी डिझेलचीच असंही नाही. त्याच अंगात सीएनजी गाड्याही येतात. समोरून घेतलेल्या फोटोत तर यातलं काहीच हाती लागत नाही. तिथे ‘मालवाहू तीनचाकी, इंधन अनिश्चित’ एवढंच लिहावं.