हलती छायाचित्रे : जपावीत, स्थिर करावीत की सोयच बंद ठेवावी?

मोबाईलवर टिपलेले छायाचित्र बोटाने दाबून धरले की ते क्षणभर हलते आणि त्यातून आवाजही ऐकू येतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. आयफोनवर या प्रकाराला ‘लाइव्ह फोटो’ म्हणतात, तर अँड्रॉइड मोबाईलवर तो ‘मोशन फोटो’ या नावाने ओळखला जातो. मोबाईलमधील जागा संपत आली की या छायाचित्रांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. ती चित्रफितीसह जपावीत, त्यांची साधी स्थिर छायाचित्रे करावीत, की ही सोयच बंद करावी? हे ठरवण्यापूर्वी अशा छायाचित्रात नेमके काय साठवलेले असते, ते पाहणे आवश्यक आहे.

एका छायाचित्रात दोन गोष्टी

ॲपल कंपनीने 2015 मध्ये आयफोन 6एस या मोबाईलबरोबर लाइव्ह फोटोची सोय आणली. कॅमेरा उघडा असताना समोरील दृश्याचे शेवटचे काही क्षण मोबाईल आपल्या स्मृतीत सतत धरून ठेवत असतो. बटण दाबताच त्याआधीचा दीड सेकंद आणि त्यानंतरचा दीड सेकंद, असा सुमारे तीन सेकंदांचा तुकडा आवाजासह जतन केला जातो. बटण दाबण्यापूर्वीचे दृश्य छायाचित्रात कसे आले, या कोड्याचे उत्तर हे असे आहे.

आयफोनवर हे छायाचित्र एकच दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्यात दोन फाईली असतात. एक स्थिर छायाचित्राची आणि दुसरी चित्रफितीची. त्यामुळे लाइव्ह फोटो साध्या छायाचित्राच्या साधारण दुप्पट जागा व्यापतो. सॅमसंगने 2016 मध्ये गॅलक्सी एस7 या मोबाईलवर, तर गुगलने 2017 मध्ये पिक्सेल 2 वर मोशन फोटोची सोय दिली. या पद्धतीत फाईल एकच असते. छायाचित्राचा मजकूर संपतो तेथे, त्याच फाईलच्या शेपटाला चित्रफीत जोडलेली असते. रचनेतील हा फरक किरकोळ वाटला, तरी पुढे छायाचित्रे दुसरीकडे पाठवताना किंवा संगणकावर उतरवताना तो महत्त्वाचा ठरतो.

कोणता निर्णय मागे घेता येतो?

हलत्या छायाचित्रातून स्थिर छायाचित्र केव्हाही काढता येते. स्थिर छायाचित्रातून न टिपलेली हालचाल आणि न टिपलेला आवाज मात्र कधीच परत आणता येत नाही. तिन्ही पर्यायांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. चित्रफीत जपून ठेवण्याचा निर्णय पुढे कधीही बदलता येतो. चित्रफीत काढून टाकण्याचा निर्णय थोड्या मुदतीनंतर कायमचा होतो. कॅमेऱ्यातील सोय बंद ठेवली, तर त्या काळातील हालचाल मुळात नोंदवलीच जात नाही.

याचा अर्थ सर्व काही जपावे असा नव्हे. दुकानाची पावती, सूचना फलक, ओळखपत्र किंवा वहीचे पान यांच्या छायाचित्रात हालचालीला काहीच मोल नसते. उलट, आजीने नातवाला हाक मारली तो आवाज अनेकदा दुसरीकडे कोठेही नोंदवलेला नसतो आणि पुढे त्याची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. म्हणून निर्णय सर्व छायाचित्रांसाठी एकच न घेता त्यांच्या प्रकारानुसार घेणे अधिक योग्य ठरते.

‘बंद’ केल्याने जागा मोकळी होत नाही

या विषयात सर्वाधिक गैरसमज येथे होतो. आयफोनवर छायाचित्र संपादनासाठी उघडून ‘Live’ हे चिन्ह बंद केले, की छायाचित्र स्थिर दिसू लागते. परंतु चित्रफीत मागे तशीच राहते. ते चिन्ह पुन्हा सुरू केल्यास हालचाल आणि आवाज परत येतात. शेकडो छायाचित्रांवर अशी क्रिया करूनही मोबाईलमधील जागा वाढत नाही, याचे कारण हेच होय.

जागा खरोखर मोकळी करायची असेल, तर छायाचित्राची स्थिर प्रत करावी लागते. त्यासाठी ‘Duplicate’ या पर्यायातील ‘Duplicate as Still Photo’ निवडावे. नवी प्रत उघडून, मोठी करून पाहावी आणि मगच मूळ लाइव्ह फोटो हटवावा. हटवलेले छायाचित्र ‘Recently Deleted’ या कप्प्यात 30 दिवस राहते व तोपर्यंत जागा व्यापते. तो कप्पा रिकामा केल्यावर चित्रफीत कायमची जाते. आयक्लाऊड सेवेवर छायाचित्रे साठवली जात असतील, तर एका मोबाईलवरून हटवलेले छायाचित्र त्या खात्याला जोडलेल्या इतर साधनांवरूनही नाहीसे होते. घरातील टॅब्लेटवर प्रत उरेल, असे गृहीत धरू नये.

अँड्रॉइड मोबाईलवर गुगल फोटोज वापरणाऱ्यांना छायाचित्राच्या यादीतील ‘Export’ हा पर्याय उपयोगी पडतो. त्यातून स्थिर छायाचित्र किंवा स्वतंत्र चित्रफीत तयार करता येते. मात्र येथेही नवी प्रत तयार होते आणि मूळ छायाचित्र जागेवरच राहते. ते हटवल्याशिवाय बचत होत नाही.

मुख्य चित्र बदलताना

समूहाच्या छायाचित्रात कोणाचे डोळे मिटले असतील, तर लाइव्ह फोटोच्या तीन सेकंदांतून दुसरा क्षण निवडून त्याला मुख्य चित्र करता येते. ही सोय उपयुक्त आहे, पण तिला मर्यादा आहे. मूळ मुख्य चित्र कॅमेऱ्याच्या पूर्ण क्षमतेने टिपलेले असते, तर नव्याने निवडलेला क्षण चित्रफितीतून घेतलेला असतो आणि चित्रफितीत तपशील बराच कमी असतो. मोबाईलच्या लहान पडद्यावर हा फरक जाणवत नाही. छायाचित्र मोठे करून चेहऱ्याच्या कडा आणि केस पाहिले, की तो स्पष्ट दिसतो. भिंतीवर लावण्याएवढी मोठी छापील प्रत काढायची असेल, तर आधी ही तपासणी करावी. संपादन करताना खालच्या पट्टीवर मूळ मुख्य चित्राच्या जागी एक ठिपका दिसतो. तेथे परत गेल्यास पूर्ण तपशिलाचे चित्र मिळते.

एका मोबाईलचा हिशेब

समजा, एका मोबाईलमध्ये 4,000 लाइव्ह फोटो आहेत. सोयीसाठी स्थिर छायाचित्र सरासरी 2 मेगाबाईट आणि चित्रफीत अडीच मेगाबाईट धरू. प्रत्यक्ष आकार मोबाईल आणि दृश्य यांनुसार बदलतात. या हिशेबाने एकूण 18 गिगाबाईट जागा व्यापली जाते. सर्व छायाचित्रे सरसकट स्थिर केली, तर सर्व चित्रफिती जाऊन 10 गिगाबाईट जागा मोकळी होईल.

आता दुसरा मार्ग पाहू. या छायाचित्रांपैकी 1,500 छायाचित्रे पावत्या, फलक आणि एकाच दृश्याच्या अनावश्यक पुनरावृत्ती आहेत. ती पूर्णपणे हटवली, तर पावणेसात गिगाबाईट वाचतात. आणखी 1,000 छायाचित्रे डोंगर, देवळे आणि इमारती यांची आहेत. ती स्थिर केली, तर अडीच गिगाबाईट वाचतात. उरलेली 1,500 छायाचित्रे घरातील माणसांची असून ती आहेत तशीच ठेवली. एकूण बचत सव्वानऊ गिगाबाईट होते. सरसकट रूपांतराच्या तुलनेत ही बचत पाऊण गिगाबाईटने कमी आहे, पण घरातील एकही आवाज गमावलेला नाही. जागेची खरी उधळपट्टी बहुधा नको असलेल्या छायाचित्रांत असते, चित्रफितींत नव्हे, हे या हिशेबावरून दिसते.

निवड करताना हलत्या पाण्याची छायाचित्रे वेगळी ठेवावीत. धबधबा किंवा समुद्राच्या लाटा यांच्या लाइव्ह फोटोला ‘Long Exposure’ हा परिणाम दिला, की पाणी रेशमासारखे मऊ दिसते. चित्रफीत गेली की हा पर्यायही जातो.

पाठवताना आणि संगणकावर उतरवताना

आयफोनवरील छायाचित्रे तारेने विंडोज संगणकावर उतरवली, की एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात. उदाहरणार्थ, IMG_1234.HEIC आणि IMG_1234.MOV. दुसरी फाईल निरुपयोगी समजून पुसली, तर हालचाल आणि आवाज दोन्ही जातात. जपायची छायाचित्रे असतील, तर जोडीतील दोन्ही फाईली एकाच ठिकाणी आणि एकाच नावाने ठेवाव्यात. इतर प्रकारच्या साधनांवर निश्चितपणे पाहता यावे यासाठी महत्त्वाच्या छायाचित्रांची ‘Save as Video’ या पर्यायाने स्वतंत्र चित्रफीत करून ठेवणे हिताचे. मात्र मूळ छायाचित्र हटवू नये, कारण पूर्ण तपशील त्यातच असतो.

मोशन फोटोच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. फाईलच्या शेवटी जोडलेली चित्रफीत काही संगणकीय प्रणालींना ओळखता येत नाही. अशा प्रणालीत छायाचित्र उघडून पुन्हा जतन केले, की चित्रफीत कोणतीही सूचना न देता गळून पडते. फाईलचा आकार आधीपेक्षा एकदम बराच कमी झाला, तर अशी शंका घ्यावी. याउलट, हीच फाईल ई-मेलला जोडून मूळ स्वरूपात पाठवली, तर घेणाऱ्याला स्थिर छायाचित्र दिसत असतानाही आतील हालचाल आणि संभाषण त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. खासगी बोलणे सुरू असताना टिपलेले छायाचित्र पाठवायचे असेल, तर त्याची स्थिर प्रतच पाठवावी. आयफोनवर पाठवण्यापूर्वी छायाचित्राच्या कोपऱ्यातील ‘Live’ हे चिन्ह बंद करता येते.

सोय बंद ठेवायची असल्यास

कामाच्या कागदपत्रांची छायाचित्रे घेताना, बैठकीत किंवा रुग्णालयात ही सोय बंद ठेवणे योग्य. मात्र आयफोनच्या कॅमेऱ्यात ती बंद केली, तरी कॅमेरा पुढच्या वेळी उघडताच ती पुन्हा आपोआप सुरू होते. हे टाळण्यासाठी ‘Settings’ मध्ये ‘Camera’ आणि त्यात ‘Preserve Settings’ उघडून ‘Live Photo’ हा पर्याय सुरू करावा. त्यानंतर कॅमेऱ्यात जी स्थिती ठेवाल, तीच कायम राहते. यामुळे उलट बाजूची दक्षताही घ्यावी लागते. कागदपत्रांसाठी बंद केलेली सोय घरच्या समारंभापूर्वी आठवणीने सुरू करावी लागेल, कारण आता मोबाईल ती आपणहून सुरू करणार नाही.